ओंकार, पट कुठंय?

ओंकार, तुझा रात्रीचा मेसेज आत्ता सकाळी पाहिला. "सर ही पोझिशन बघा ना, मी जिंकत होतो ना? हत्तींचं एंडिंग होतं, माझं एक प्यादं जास्त होतं." त्याखाली ना फोटो, ना चाली. तुझ्या डोक्यात पट अजून मांडलेलाच असणार, म्हणून तुला वाटलं मलाही दिसतोय. मला फक्त अर्धा पॉइंट गेल्याची चिडचिड दिसली.

नुसत्या "एक प्यादं जास्त"वर मी काय सांगू? तुझं प्यादं सातव्या ओळीत, राजा त्याच्यापुढे आठव्या घरात आणि समोरच्याचा राजा बाजूला तोडलेला असेल, तर लुसेना. हत्तीचा पूल बांधायचा, जिंकलं. पण प्यादं पाचव्यातच आहे, त्याचा राजा वाटेत बसलाय आणि हत्ती सहाव्या ओळीवर पहारा देतोय, तर फिलिडोर. त्याने नीट खेळलं तर बरोबरीच. प्यादं दोन्हीकडे एकच जास्त! आणि ते a किंवा h चं असेल तर हिशेब पुन्हा वेगळा.

दुसरं, चाल कोणाची होती? हे तुम्ही सगळे हमखास गाळता. घरी पट मांड: पांढरा राजा e5, प्यादं e4, काळा राजा e7. बाकी काही नाही.

```
8/4k3/8/4K3/4P3/8/8/8 b - - 0 1
```

काळ्याची चाल असेल तर पांढरा जिंकतो: Kd7 ला Kf6, राजा पुढे घुसला. आता वरच्या ओळीतला, काळ्याची चाल सांगणारा b काढून w कर, म्हणजे चाल पांढऱ्याची. Kd5 ला Kd7, Kf5 ला Kf7, काळा सारखा समोर उभा. बरोबरी. मोहरं एकही हललं नाही, फक्त एक अक्षर बदललं.

म्हणून आधी स्कोअरशीटचा फोटो पाठव, दोन्ही पानं. शेवटची पाच मिनिटं राहिल्यावर लिहिणं सोडलं असशील (तुमच्या गेमला ३० सेकंदांचं इन्क्रिमेंट नव्हतं, त्यामुळे नियमात बसतं), तर जिथपर्यंत लिहिलंय तिथून पुढे आठवून खेळ आणि जिथे अडशील तिथला पट lichess.org/editor वर मांड. चाल कोणाची ते तिथे निवडायला विसरू नकोस. नुसता पटाचा फोटो काढलास तर पांढरा कोणत्या बाजूला बसला होता तेही लिही. मागच्या महिन्यात तुझा उलटा फोटो बघून मी वीस मिनिटं प्यादी चुकीच्या दिशेला ढकलत बसलो होतो.

आणि इंजिन लावू नकोस अजून. तू कोणती चाल खेळलास आणि तेव्हा मनात काय होतं, ते दोन ओळींत लिही. संध्याकाळी सहाला क्लासच्या आधी दहा मिनिटं लवकर ये, पटावरच बघू.