पूर येण्याआधी: चिपळूणच्या कुटुंबांसाठी

[दृश्य: वाशिष्ठीचा नकाशा, खाडीकडून वर सरकणारा निळा बाण]
निवेदक: २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणकरांना सांगायला नको. मुसळधार पाऊस आणि दाभोळ खाडीतील भरती एकाच वेळी आली, की नदीचे पाणी समुद्राकडे लवकर उतरत नाही. म्हणून हवामानाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळही पाहावी.

[चित्र: पिवळी, नारिंगी, लाल पट्टी]
निवेदक: पिवळा इशारा सावध राहण्याचा, नारिंगी तयारीचा आणि लाल तातडीने कृती करण्याचा असतो. नारिंगी दिसताच पिशवी भरावी.

[दृश्य: पाठीवरची पिशवी, वस्तूंवर एकेक बरोबरची खूण]
निवेदक: आधारकार्ड, सातबारा, बँक पासबुक आणि विम्याची कागदपत्रे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावीत. सोबत पिण्याचे पाणी, चणे-कुरमुरे, बॅटरी, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक, सुटे पैसे आणि नेहमीची औषधे असावीत. आजीच्या गोळ्यांची चिठ्ठी हमखास राहते, ती सर्वांत आधी ठेवावी.

[दृश्य: मेन स्विच, सिलिंडर, चढाची वाट]
निवेदक: सूचना येताच, हात कोरडे असतानाच मेन स्विच बंद करावा, सिलिंडरची झडप मिटवावी आणि गुरांची दावी सोडावीत. वृद्ध व मुलांना घेऊन उजेडातच ठरलेल्या उंच जागी जावे. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले, तरी त्यात उतरू नये आणि गाडीही घालू नये.

[पडद्यावर: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आपत्कालीन मदत ११२]