मावशी-काकांच्या विमा माहितीपत्रकाचा सारांश (कुटुंब विमा, ५ लाख रुपये)

ती. काका व मावशी, सा. न.

वाशीहून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चारही पानांच्या फोटोंवरून हा सारांश केला आहे. तिसऱ्या पानावर फ्लॅश पडल्यामुळे तळाच्या बारीक टिपा वाचता आल्या नाहीत.

किमान २४ तास रुग्णालयात दाखल राहिल्यास खोली, शस्त्रक्रिया, आयसीयू आणि औषधांचा खर्च मिळतो. दाखल होण्यापूर्वीच्या ३० आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांतील संबंधित तपासण्या व औषधेही त्यात येतात. डायलिसिस, मोतीबिंदू अशा डे-केअर उपचारांना २४ तासांची अट नाही, मात्र मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला ४०,००० रुपयांची मर्यादा आहे.

सर्वांत जपून वाचावी अशी अट खोलीभाड्याची आहे. मर्यादा दररोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. काकांनी ८,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ वरचे ३,००० रुपये भरून भागणार नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह वगैरे खर्चही पाच-अष्टमांश एवढाच मंजूर होईल. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कपात लागू नाही. शिवाय साठीच्या पुढील विमाधारकाला प्रत्येक दाव्यात २० टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो, आणि ही ओळ कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत छापली आहे.

ओपीडी, सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, अपघाताखेरीजचे दातांचे उपचार आणि हातमोजे-मास्कसारखे किरकोळ साहित्य वगळलेले आहे.

पहिले ३० दिवस अपघाताखेरीज कोणताही दावा चालत नाही. मोतीबिंदू, हर्निया आणि गुडघेबदल यांना २४ महिने थांबावे लागते, त्यामुळे मावशींचे गुडघ्याचे ऑपरेशन यंदा या पॉलिसीत बसणार नाही. काकांच्या मधुमेहाला ३६ महिने प्रतीक्षा आहे. नियमानुसार आधीच्या आजारांसाठी याहून अधिक ठेवता येत नाही. अर्जात मधुमेह स्पष्ट लिहावा. एजंटने «नका लिहू» म्हटले तरी ऐकू नये, कारण आजार लपवणे हाच पुढे दावा नाकारण्याचा आधार होतो.

दाव्यासाठी आधी रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे ना, हे पाहावे. ठरवून दाखल होताना ४८ तास आधी, तातडीच्या वेळी २४ तासांच्या आत कंपनीला कळवून रुग्णालयाच्या विमा काउंटरवर कार्ड, ओळखपत्र आणि पूर्वमंजुरीचा अर्ज द्यावा. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. नेटवर्कबाहेर बिल स्वतः भरावे आणि मूळ बिले, डिस्चार्ज समरी, तपासणी अहवाल व रद्द केलेला धनादेश १५ दिवसांत पाठवावा.

हप्त्याच्या तक्त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून नाही, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी नवा आकडा मागावा. तिसऱ्या पानाचा तळ खिडकीजवळ, फ्लॅश न लावता पुन्हा टिपून पाठवावा.

आपला,
नितीन, ठाणे