सुई

सकाळी सव्वाअकराला आजीचा फोटो आला. नुसता फोटो. खाली एक अक्षर नाही.

आजी लिहीत नाहीच. फोनवरची अक्षरं बारीक, आणि जोडाक्षर आलं की तिचा धीर सुटतो. पण बोलते भरपूर. तिच्या फोटोमागून तिचा आवाज येतोच. "हे बघ, कळी आली," मग थोडा वेळ नुसती खुडबूड, मग लांबून, "आता हे बंद कुठून करायचं?" म्हणून मी वाट बघितली. दहा मिनिटं झाली तरी आवाज आला नाही.

फोटोत फिकट रंगाचं कापड होतं. त्यावर आडवी ठेवलेली एक सुई. कोपऱ्यात धूसर गुलाबी काहीतरी, ते तिचं बोट असणार. आणि कापडाच्या कडेला एक लाल ठिपका.

"काय झालं आजी?" मी लिहिलं. एकच टिक. फोन लावला तर बंद.

आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, "सुया संपल्या असतील. येताना आण म्हणतेय." पण सुया संपल्या असत्या तर सुईचा फोटो कुठून आला असता? मामा हसला. "अरे, चुकून गेला असेल. परवा मला छताचा फोटो आला होता, मी दिवसभर गळती शोधत होतो." हे पटण्यासारखं होतं. पण छताचा फोटो कुणाकडूनही चुकून निघतो. ही सुई मात्र नीट, मधोमध ठेवलेली होती.

मग ताईचा फोन आला. तिचा आवाज मला आवडला नाही.

"तो लाल ठिपका बघितलास?"

"बघितला."

"रक्त असेल तर? तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. टोचलं तर लवकर थांबत नाही. आणि आत्ताच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. कुणी सांगितलं होतं तिला सुई हातात घ्यायला?"

मी फोटो मोठा करून बघितला. पाठवताना फोटो दाबून लहान होतो, त्यामुळे बारीकसारीक सगळं आधीच गेलेलं असतं. मोठा करावा तसा तो ठिपका चौकोनी होत गेला. रक्त आहे की नाही, काही कळेना. ऑपरेशनला दोन महिने झाले होते. मोतीबिंदू. मधलं पांढुरकं झालेलं भिंग काढून नवं बसवलं होतं. पहिले काही आठवडे थेंब, वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि ती सगळं पाळते की नाही यावरून घरात रोज फोन. चष्म्याचा नवा नंबर गेल्याच आठवड्यात निघाला होता.

आजीच्या शेजारच्या काकूंना फोन केला. त्या लगेच बघून आल्या.

"दाराला कुलूप आहे रे. हाक मारली, कुणी नाही."

कुलूप आहे म्हणजे ती स्वतःच्या पायांनी बाहेर गेली, हे त्या वेळी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं ते दुसरंच. रक्त थांबेना म्हणून कुणीतरी तिला घेऊन गेलं असेल, फोन घाईत घरीच राहिला असेल. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस धरली. तीन तासांचा रस्ता. वाटेत ताईचे चार, आईचे सहा फोन. मामा आता हसत नव्हता. तोही निघाला होता.

मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. आजी खिडकीपाशी चष्मा लावून बसली होती आणि मांडीवरच्या पांघरुणाला टाके घालत होती. लाल दोऱ्याने. फिकट कापडाच्या कडेला लाल गाठींची एक ओळ होती, फोटोत त्यातली एकच आली होती.

"अगोबाई! तू कसा?"

मी तिचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले. कुठे काही नव्हतं.

"फोन का बंद आहे तुझा?"

"बंद आहे?" तिने फोन उचलून बघितला. "संपला वाटतं. सकाळी फोटो नीट येईना, पंधरा-वीस काढले मी."

"आणि होतीस कुठे?"

"मागच्या गल्लीत. मैत्रिणीच्या ब्लाऊजचे हुक लावायचे राहिले होते. वर्ष झालं, माझ्यावाचून अडून होती बिचारी." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला फोटो मिळाला ना?"

"मिळाला. पण कशाचा तेच कुणाला कळलं नाही. घरभर घाबरलेत सगळे. काही बोलली का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? दिसतच होतं की."

तिने सकाळचा फोटो दाखवायला फोन चार्जरला लावला. सुरू व्हायला वेळ लागला. मग तिने तो माझ्यासमोर धरला. तिच्या फोनमधला फोटो माझ्याकडे आलेल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होता. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, सुईच्या टोकाकडून नेढ्याकडे नेला, आणि थांबली.

नेढ्यातून दोरा गेला होता. पांढरा दोरा, फिकट कापडावर. आम्हा चौघांपैकी एकालाही तो दिसला नव्हता.

"मी ओवली," आजी म्हणाली. "चौथ्या वेळेला गेला. कुणालाही न बोलवता."

मी खाली बसलो. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून तिच्या सुया मी ओवत आलो. सुट्टी संपून निघायच्या आदल्या दिवशी ती टाचण्यांची गादी आणायची, त्यात आठ सुया. सगळ्या ओवून, दोरे गुंडाळून ठेवायचे. त्यावर तिचे पुढचे काही महिने निघायचे. आठवी सुई संपली की शिवण थांबायचं, मी पुन्हा येईपर्यंत. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला ते ऑपरेशन ठरलं तेव्हा आईकडून कळलं. त्या सकाळी मी फोटोत बोट बघितलं, ठिपका बघितला, कापड बघितलं. ज्या जागेकडे मी लहानपणापासून एक डोळा मिटून बघत आलो, ती जागा सोडून सगळं बघितलं.

"म्हणून मलाच पाठवलास?"

"मग कुणाला? मामाला काय कळणार त्यातलं?"

तेवढ्यात मामा दारात आला. घामाघूम. आजीला धडधाकट बघून त्याने एक शब्द न बोलता तांब्याभर पाणी प्यायलं. आईला आणि ताईला फोन केले. ताई आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, फोटो परत पाठव, नीट बघते.

संध्याकाळी मी निघायला उठलो तेव्हा आजीने कपाटातून टाचण्यांची गादी काढली. आठ सुया. सगळ्या रिकाम्या.

"एवढ्या ओवून ठेव."

"आता तुला येतंय ना?"

"दिवसा येतं," ती म्हणाली. "रात्रीचं अजून तसं नाही जमत."

खिडकीतून भरपूर उजेड येत होता. मी तिच्या शेजारी बसलो, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि पहिली सुई उचलली.

"दोरा लांब घे," आजी म्हणाली.