संघर्षाची बातमी सुरू कुठून होते? युद्ध पत्रकारिता आणि शांतता पत्रकारितेच्या चौकटींची तुलना

एका धरणाच्या पाण्यावरून दोन प्रांतांत वाद आहे, असे समजू. मध्यरात्री धरणाच्या दरवाजांजवळ जमाव आणि सशस्त्र पोलीस समोरासमोर आले, गोळ्या सुटल्या, चार माणसे गेली. एका वृत्तपत्राने सकाळी छापले: 'धरणावरील हल्ला उधळला, चार हल्लेखोरांचा खात्मा. खालच्या प्रांताला गृहमंत्र्यांचा निर्वाणीचा इशारा.' दुसऱ्याने छापले: 'धरणावर पोलिसांच्या गोळीबारात चार ठार, मृतांत तीन शेतकरी, एक ट्रॅक्टरचालक. पाणीवाटपाची बोलणी आठ महिन्यांपासून बंद.'

मृतांचा आकडा दोन्हीकडे तोच आहे आणि दोन्ही बातमीदारांनी आपापले काम चोख केले, असे त्यांचे संपादक म्हणतील. तरीही दोन वाचकांच्या मनात दोन वेगळ्या घटना घडल्या. पहिली बातमी युद्ध पत्रकारितेच्या चौकटीत बसते, दुसरी शांतता पत्रकारितेच्या. शांतता पत्रकारिता म्हणजे हळव्या मनाच्या माणसांनी केलेली मवाळ बातमीदारी, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे, असे मला या निबंधात मांडायचे आहे. फरक मवाळ-जहाल असा नाही. बातमी कुठल्या क्षणापासून सुरू करायची, वाक्याचा कर्ता कोणाला करायचे आणि शेवट कुठे मानायचा, या तीन निर्णयांत तो आहे.

गाल्टुंग यांची मांडणी

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग आणि मारी रूज यांनी १९६५ मध्ये काँगो, क्युबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन वृत्तपत्रांतून तपासल्या. परदेशातल्या असंख्य घडामोडींपैकी नेमके काय बातमी होते, हा त्यांचा प्रश्न होता. बलाढ्य देश, बडी माणसे, वाईट घटना, एका व्यक्तीच्या नावावर टाकता येईल अशी कृती आणि ज्यात गुंतागुंत नाही असा प्रसंग, या गोष्टी चाळणीतून चटकन पार होतात, असे त्यांना दिसले. ही यादी पुढे जगभरच्या पत्रकारितेच्या वर्गांत 'बातमीमूल्ये' म्हणून शिकवली गेली. वर्णन म्हणून केलेल्या यादीचा असा नियम झाला, याचे मला वाईट वाटते. त्या दोघांनी निबंधाच्या शेवटी सुचवले होते ते नेमके उलटे: दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रियांना आणि सामान्य माणसांना अधिक जागा द्या.

या निरीक्षणातूनच पुढे गाल्टुंग यांचा प्रसिद्ध दोन रकान्यांचा तक्ता आला. युद्ध पत्रकारिता हिंसेकडे, प्रचाराकडे, बड्यांकडे आणि विजयाकडे झुकलेली असते. शांतता पत्रकारिता संघर्षाच्या मुळाकडे, सत्याकडे, लोकांकडे आणि तोडग्याकडे. युद्धाची बातमीदारी खेळाच्या बातमीदारीसारखी असते, असे ते सांगत. दोन संघ, एक मैदान, शेवटी कोण जिंकले एवढेच. त्याऐवजी ती आरोग्याच्या बातमीदारीसारखी हवी. आरोग्य प्रतिनिधी रोग किती पसरला हे सांगतो, पण तो का झाला, बरा कसा होतो आणि पुढे टाळता कसा येईल, हेही सांगतो. यामुळे तो रोगाच्या बाजूचा झाला, असे कोणी म्हणत नाही.

२००५ मध्ये पत्रकार जेक लिंच आणि अ‍ॅनाबेल मॅकगोल्ड्रिक यांनी या कल्पनेची कामचलाऊ व्याख्या दिली. काय छापायचे आणि कसे छापायचे, याची निवड संपादक आणि बातमीदार अशी करतात की, समाजाला संघर्षावरच्या अहिंसक उत्तरांचा विचार करण्याची आणि त्यांची किंमत ओळखण्याची संधी मिळते, असा तिचा आशय आहे. यातला 'संधी' हा शब्द महत्त्वाचा. शांतता घडवून आणणे हे बातमीदाराचे काम आहे, असे ही व्याख्या म्हणत नाही.

चौकट कशी काम करते

माध्यम अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये चौकटीची चार कामे सांगितली: प्रश्न काय ते ठरवणे, कारण दाखवणे, नैतिक निवाडा देणे आणि उपाय सुचवणे. पहिली बातमी यावर घासून पाहू. प्रश्न काय? हल्ला. कारण? हल्लेखोर. निवाडा? मारले गेले ते योग्यच. उपाय? अधिक बंदोबस्त, अधिक इशारे. गंमत नाही, गंभीरपणे पाहण्याजोगी गोष्ट ही की, उपाय कोणी लिहिलेलाच नाही. 'हल्ला' हा शब्द मथळ्यात बसला तेव्हाच तो आला. दुसऱ्या बातमीत बंद पडलेल्या बोलण्यांचा उल्लेख आहे. तिथे उपाय म्हणून बोलणी पुन्हा सुरू करण्याचा विचार वाचक स्वतःच करू शकतो.

घड्याळ कुठे लावले, यावर बरेच ठरते. पहिल्या बातमीचे घड्याळ मध्यरात्री सुरू होते, दुसरीचे आठ महिने आधी. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये टीव्हीच्या प्रेक्षकांवरील प्रयोगांतून दाखवले की, बातमी एकेका प्रसंगापुरती मांडली की लोक दोष त्या त्या व्यक्तीला देतात. संदर्भासह मांडली की जबाबदारी समाजाकडे आणि सरकारकडे पाहून ठरवतात. त्यांचा अभ्यास युद्धवार्तांकनाचा नव्हता, पण संघर्षाच्या बातमीला तो तंतोतंत लागू पडतो. ज्याचे घड्याळ मध्यरात्री सुरू होते त्याच्या दृष्टीने पहिला दगड मारणारा हाच संघर्षाचे कारण असतो.

मराठीचे क्रियापद

तक्त्याच्या चर्चेत भाषेला एखादी ओळ मिळते. मराठीत लिहिणाऱ्याने तिथे जास्त वेळ थांबायला हवे. माणूस मेला हे सांगायला आपल्याकडे किती क्रियापदे आहेत आणि ती कोणाला कशी वाटली जातात, ते पाहावे. आपल्या बाजूच्या सैनिकाला वीरमरण येते, तो हुतात्मा होतो, धारातीर्थी पडतो. पलीकडच्याचा खात्मा होतो, त्याला टिपले जाते, कंठस्नान घातले जाते. मधल्या कोणाचेच नसलेले लोक 'मृत्युमुखी पडतात', जणू वाटेत खड्डा होता आणि त्यांचाच पाय घसरला. वापरून वापरून हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की, रात्री साडेबाराला पान सोडण्याच्या घाईत त्यांतला निवाडा डेस्कवर कोणाला जाणवतही नाही.

दुसरी सवय 'झाला'ची. 'गोळीबार झाला', 'लाठीमार झाला', 'चकमक उडाली'. पाऊस झाला म्हणावे तसा गोळीबारही होतो. कर्ता गळाला की जबाबदारीही गळते. युद्धाच्या चौकटीत ही सोय एकतर्फी वापरली जाते: त्यांनी गोळीबार केला, आपल्याकडून गोळीबार झाला. शिवाय निवडणुकीची रणधुमाळी, पक्षांची मोर्चेबांधणी, बालेकिल्ले आणि रणशिंगे हा शब्दसंग्रह शांततेच्या काळातही रोज हाताखाली असतो. खरा संघर्ष पेटतो तेव्हा नवे शब्द शोधावेच लागत नाहीत.

सत्याचा प्रश्न

शांतता पत्रकारितेला विरोध करणारे वस्तुनिष्ठतेचा दाखला देतात. पण वस्तुनिष्ठतेची सर्वांत मोठी पडझड युद्धाच्या चौकटीतच झालेली आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये नायिरा एवढेच नाव सांगणाऱ्या एका मुलीने अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांसमोर साक्ष दिली की, कुवेतच्या रुग्णालयात इराकी सैनिकांनी अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून मरायला टाकले. साक्ष जगभर गाजली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि साक्षीमागे एका जनसंपर्क संस्थेची मोहीम होती, हे उघड होईपर्यंत १९९२ उजाडले. तोवर आखाती युद्ध होऊन गेले होते आणि तिच्या सांगण्याला पुरावा मिळाला नाही. इराकी फौजांनी कुवेतमध्ये अत्याचार केलेच होते, म्हणूनच ही कहाणी तपासण्याची निकड कोणाला वाटली नाही. चौकटीत बसणाऱ्या गोष्टीला कागदपत्रे विचारली जात नाहीत.

हेच २००३ च्या इराक युद्धाआधी झाले. न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ रोजी वाचकांपुढे कबूल केले की, सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचे त्यांचे काही वार्तांकन हवे तितके काटेकोर नव्हते. बड्या सूत्रांकडे झुकलेली बातमीदारी सत्यापासून दूर जाते, हा तक्त्यातला मुद्दा इथे नीतीचा राहत नाही, कौशल्याचा होतो. सगळ्या बाजूंचे खोटे उघडे पाडा, आपल्याही, ही शांतता पत्रकारितेची अट बातमीदारीच्या मूळ धर्माहून वेगळी नाही.

आक्षेप आणि खरी अडचण

बीबीसीचे तत्कालीन बातमीदार डेव्हिड लॉयन यांचा आक्षेप असा की, बातमीदार हा साक्षीदार आहे. शांततेची जबाबदारी अंगावर घेतली की तो खेळाडू बनतो. मला हा आक्षेप अर्धाच पटतो, कारण गृहमंत्र्यांचा इशारा मथळ्यात नेणारा बातमीदारही मैदानाबाहेर उभा नसतो. माध्यम अभ्यासक थॉमस हानिट्श यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. डेडलाइन, मालकी, स्पर्धा आणि सूत्रांवरचे अवलंबित्व यांत अडकलेल्या बातमीदाराला केवळ 'शहाणी निवड कर' म्हणून भागत नाही, असे ते म्हणतात. खालच्या प्रांतातल्या गावात जायला गाडी आणि दोन दिवस लागतात, गृहमंत्री एका फोनवर मिळतात.

मोजण्याचीही अडचण आहे. ली आणि मॅस्लॉग या संशोधकांनी २००५ मध्ये आशियातील संघर्षांच्या १,३३८ बातम्या तपासल्या. काश्मीरच्या वार्तांकनात युद्धाची चौकट ठळक होती. पण शांततेच्या खात्यात जमा झालेल्या बातम्या मुख्यतः कशामुळे तिथे गेल्या? त्यांत राक्षसी विशेषणे नव्हती, पक्ष घेतलेला नव्हता. नुसत्या सपक बातमीलाही शांततेचे गुण मिळत असतील, तर मोजपट्टी तपासायला हवी. तोडगा किंवा मूळ कारण शोधणारी बातमी ही निराळी गोष्ट आहे.

आणि सर्वांत अवघड उदाहरण रवांडाचे. १९९४ मध्ये तिथे सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली, बहुतांश तुत्सी या अल्पसंख्य समाजातली. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र त्यांना झुरळे म्हणत होते आणि त्यांच्याविरुद्ध चिथावत होते; त्याच्याशी संबंधित व्यक्तींना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवले. त्याच वेळी बाहेरची बरीच माध्यमे 'टोळ्यांचे पुरातन वैर' असे लिहीत होती. 'दोन्ही बाजू'ची भाषा इथे थेट मारेकऱ्यांच्या सोयीची ठरली. शांतता पत्रकारितेत बाजूंची संख्या वाढवायची असते, दोषाची समान वाटणी करायची नसते, हे तिच्या पाठ्यपुस्तकांनी पुरेशा ठणकावून सांगितलेले नाही.

या कसोटीवर सुरुवातीची दुसरी बातमीही अपुरी आहे. तिने मृतांना व्यवसाय दिले, घड्याळ मागे नेले, 'पोलिसांच्या' हा शब्द लिहायचे धाडस केले. पण गोळीबाराचा आदेश कोणी दिला, आठ महिन्यांपूर्वी बोलण्यांतून पहिले कोण उठले आणि त्या रात्री दरवाजावर पहाऱ्याला असलेल्या पोलिसांनी काय पाहिले, हे तिच्यात नाही. तिसऱ्या दिवशीच्या अंकात ते यायला हवे, आणि गाडी तेव्हाच लागते.