विषय: इंटर्नशिपच्या मध्यावर कामाचा आढावा घेण्याबाबत विनंती

सुनंदाताई, नमस्कार.

येत्या मंगळवारी, 30 सप्टेंबरला माझ्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे तीन महिने पूर्ण होतात. त्या सुमारास तुम्ही माझ्या आतापर्यंतच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी विनंती करायला हा मेल लिहिते आहे. तासभर वेळ मिळाला तरी पुरेल.

कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म डिसेंबरअखेर तुमच्याकडे येईलच. पण तेव्हा तुम्ही काही सुचवलंत तर ते अमलात आणायला माझ्याकडे दिवस उरलेले नसतील. शिवाय विहिरींची ऑक्टोबरची पाणीपातळी पुन्हा मोजता येत नाही. पावसाळ्यानंतरची ही नोंद एकदा हुकली की वर्षभराचा पाण्याचा ताळेबंद अंदाजावर उभा राहतो, आणि त्याच ताळेबंदावर तिन्ही गावांतले लोक किती कांद्याचं उळं टाकायचं, गहू घ्यायचा की हरभऱ्यावर थांबायचं, हे ठरवणार आहेत. म्हणून माझ्या पद्धतीत जे बदलायला हवं ते ही फेरी सुरू होण्याआधी कळावं, असं मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते विहिरींच्या मोजणीबद्दल. 42 निरीक्षण विहिरींची नोंद मी दर पंधरवड्याला घेते. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री असते, त्यामुळे आपण पोहोचतो तेव्हा काही विहिरींवर मोटर नुकतीच बंद झालेली असते. अशा ठिकाणी मोटर केव्हा बंद केली ते शेतकऱ्याला विचारून शेऱ्यात लिहिते. एवढं पुरेसं आहे का, की अशी विहीर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजायला हवी? तसंच, ताळेबंदाच्या कच्च्या हिशेबात मी सगळीकडे 2 टक्के विशिष्ट उत्पन्न धरलं आहे. पण वरच्या वाडीत विहिरी पाषाणात आहेत आणि ओढ्याकाठी मांजऱ्या लागतो. दोन्हीकडे तोच आकडा लावणं मला पटत नाही. प्रत्येक विहिरीतल्या थरांची नोंद करून मी नकाशा केला आहे. तो तुम्ही एकदा बारकाईने पाहावा आणि जिथे माझं वाचन कच्चं वाटेल तिथे खूण करावी.

दुसरा विषय ग्रामसभेतल्या मांडणीचा. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, इथपर्यंत लोक सोबत येतात. पण 15 ऑगस्टच्या सभेत मी टीसीएमचा तक्ता लावला आणि मागून प्रश्न आला, "म्हणजे कांदा किती एकर?" तिथून पुढे तुम्ही सूत्रं हाती घेतलीत आणि सभेचा रंगच बदलला. तुम्ही काय वेगळं केलंत हे मी माझ्या परीने टिपून ठेवलं आहे, पण माझ्या बोलण्यात तुम्हाला काय कमी वाटलं ते तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. ऑक्टोबरअखेरच्या सभेत एका गावाचा ताळेबंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी मांडावा, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी मी तयार आहे की नाही, हेही स्पष्ट सांगा.

पाणी भरायला आलेल्या बायका टँकरबद्दल, कोणता हातपंप कधी आटतो याबद्दल खूप काही सांगतात. ते सध्या माझ्या वहीत आहे. अहवालात त्याला जागा द्यायची का, आणि कशी, हेही विचारायचं आहे.

शिवारात माझ्यासोबत रोज दत्तूभाऊ असतात. मी लोकांशी कशी बोलते, कुठे घाई करते, हे त्यांनी जवळून पाहिलं आहे. तुम्हाला योग्य वाटल्यास आढाव्याआधी त्यांच्याशीही बोलावं. मी तसं त्यांच्या कानावर घातलं आहे.

मंगळवारी, 30 तारखेला दुपारी 3 नंतर तुम्हाला जमेल का? 2 ऑक्टोबरला दसरा आहे आणि सोमवारी, 6 तारखेला मोजणीची फेरी सुरू होते, म्हणून मंगळवार शक्य नसेल तर शुक्रवारी, 3 तारखेला सकाळी ऑफिसला येईन. तुम्ही त्या दिवसांत नाशिकला असाल तर मी तिकडेही येऊ शकते.

तीन महिन्यांच्या कामाचं एक पानी टिपण, विहिरींची नोंदवही आणि थरांचा नकाशा सोबत जोडला आहे. त्यात शंका असलेल्या विहिरी लाल रंगात दाखवल्या आहेत. वेळ कमी असेल तर तेवढ्याच पाहिल्यात तरी चालेल. भेटीत ठरलेले मुद्दे मी त्याच दिवशी लिहून तुम्हाला पाठवेन.

आपली,
वैदेही
एम. एस्सी. भूशास्त्र, दुसरं वर्ष