करंटची पाळी

बेळगाव भागात शिवजयंती तिथीनं होते, वैशाख शुद्ध द्वितीयेला. त्यामुळे तारीख काढायचा प्रश्न रेश्मासमोर नव्हताच. बाकी सगळं मात्र तिच्यावर होतं. आमच्या मंडळानं उत्सवाची सूत्रं पहिल्यांदाच एका मुलीकडे दिली होती आणि तिनं वहीत सगळं नीट मांडलं होतं: शिवज्योत आणायला राजहंसगडावर जाणारी पोरं, लेझीम, पोवाडा, पोलिसांची परवानगी, मंडप, महाप्रसाद. महाप्रसादाखाली आचारी, तांदूळ, खिरीचे गहू, सरपण, वाढपी. आणि एक ओळ: ‘पाणी – परशराम मामा’. पुढे बरोबरची खूण.

बैठकीत मामा बोलले होते. देवळाजवळच्या बोअरची मोटर तेच चालवतात. ‘‘पोरी, मोटर थ्री-फेजवर चालतीया. थ्री-फेज करंट एक आठवडा दिवसा येतंय, एक आठवडा रातचं. पाळी बघून ठेव.’’ नेमका तेव्हाच मिरवणुकीत डॉल्बी की झांजपथक यावर वाद पेटला होता. मामांचं वाक्य त्यात बुडालं. त्या आठवड्यात करंट सकाळी होता, बोअर धो-धो वाहत होती, म्हणून पाण्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला रेश्मा शाळेच्या मैदानावर गेली. पाच-पाच हजार लिटरच्या दोन्ही टाक्या कोरड्या होत्या.

‘‘मामा, मोटर?’’

‘‘सोमवारी पाळी बदलली नव्हं? आता रात्री बारानंतर.’’

घरातले दिवे, पंखे, मंडपाची रोषणाई सगळं सुरू होतं, कारण सिंगल फेज होतीच. थ्री-फेजची मोटर तेवढी त्यावर फिरत नाही. गावचा नळ वैशाखात आठवड्यातून एकदा येतो, तो परवाच येऊन गेला होता. आणि खिरीचे गहू आठच्या आत भिजत घालायला हवे होते, नाहीतर सकाळी ते शिजणारच नाहीत, असं आचाऱ्यानं बजावलं. खीर गव्हावर, गहू पाण्यावर, पाणी मोटरवर, मोटर करंटवर, आणि करंट आमच्या पंचांगाला विचारून येत नाही. ही साखळी वहीत कुठंच नव्हती, कारण वहीत प्रत्येक काम स्वतंत्र ओळीत होतं.

कुणीतरी कंडेन्सर लावून मोटर फिरवायचं सुचवलं. मामा ठाम राहिले. ‘‘वाइंडिंग जळलं तर गाव उद्या काय पिणार? मी करत नाही.’’ त्यांचं बरोबर होतं. गावाला तेवढी एकच बोअर आहे.

मग रेश्मा गल्लीगल्लीत फिरली. प्रत्येक घरातून एक घागर. कुणी साठवणीतली दिली, कुणी आडातून शेंदून. पावणेआठला गहू भिजले. मला या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की त्या दुष्काळी दिवसांत एकाही बाईनं ‘आमच्यापुरतंच आहे’ असं म्हटलं नाही.

रात्री साडेअकराला वळीव आला. वारा, विजा, आणि बाराच्या ठोक्याला सगळं गाव अंधारात. करंट आला तो सव्वादोनला. मामांनी स्टार्टर दाबला. रेश्मा बॅटरी घेऊन पाइपाच्या तोंडाशी उभी होती. उन्हाळ्यात बोअरची धार बारीक, त्यात तासाभरानं पाणी तुटायला लागलं, तशी मोटर थांबवून थांबवून चालवावी लागली. चारला थ्री-फेज गेला तेव्हा एक टाकी भरली होती.

आचाऱ्यानं टाकीत डोकावून हिशेब सांगितला. भात, आमटी, खीर होईल. दीड हजार माणसांना प्यायला आणि भांड्यांना काही उरणार नाही.

‘‘नदीकडच्या मळ्यात डिझेल इंजिन आहे,’’ मामा म्हणाले. ‘‘त्याला करंट लागत नाही.’’ मळा शेजारच्या गावच्या एका कन्नड शेतकऱ्याचा. रेश्मानं भल्या पहाटे फोन केला. पलीकडून एवढंच आलं, ‘‘नीर तरतीनी, अक्का.’’ सात वाजता ज्योत घेऊन पोरं वेशीवर आली, ढोल वाजू लागले, आणि त्या गर्दीतून वाट काढत ट्रॅक्टरचा टँकर मैदानात शिरला. दुसरी खेप साडेनऊला आली. डिझेलचे पैसे त्यानं घेतले, भाडं घेतलं नाही. दुपारी पंगतीला मात्र बसला.

पहिली पंगत बाराला ठरली होती, ती पावणेदोनला बसली. शाळेची लहान पोरं भुकेनं रडकुंडीला आली होती. त्यांना आधी वाढलं. खीर शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली.

हिशेबाच्या बैठकीत रेश्मानं वही उघडली ती नव्या आखणीसह. प्रत्येक कामापुढे एक जादा रकाना होता: ‘हे कशावर अडतं?’ पाण्यापुढे लिहिलं होतं: पाळी विचारणे, टाक्या दोन दिवस आधी भरणे. मामांनी वाचून विचारलं, ‘‘दोन दिवस उघड्या टाक्या ठेवणार? झाकणं कुठायत?’’ शिल्लक रकमेतून आधी दोन झाकणं घ्यायचं ठरलं, आणि मगच डॉल्बीचा विषय निघाला.