विषय: वर्धापनदिनाची फिल्म – २:१४ वरचा चित्रपटातला प्रसंग आणि पर्याय

नमस्कार कुलकर्णी मॅडम,

तिसऱ्या कटवरचे तुमचे अभिप्राय मिळाले. बाकीचे बदल करून टाकले आहेत. २:१४ ला चित्रपटातला जो १८ सेकंदांचा प्रसंग घालायला सांगितलात, तो मात्र मला घालता येणार नाही, म्हणून हा मेल.

प्रसंग तिथे शोभतो, हे मान्यच. पण त्याचे हक्क आपल्याकडे नाहीत आणि ही फिल्म कंपनीच्या प्रसिद्धीसाठी आहे. 'थोडेच सेकंद आहेत' किंवा 'खाली श्रेयनाम देऊ' असं पुष्कळजण म्हणतात, पण अमुक सेकंद मोफत असा काही नियम नाही आणि नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. शिवाय त्या प्रसंगात पार्श्वसंगीत आहे, त्याचे हक्क वेगळ्या कंपनीकडे असू शकतात. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा अशा क्लिपा आपोआप ओळखते. ऐन समारंभाच्या दिवशी फिल्म ब्लॉक झाली तर ऐनवेळी काही करता येणार नाही.

त्याऐवजी दोन कट करून पाहिले, सोबत जोडले आहेत.

anniv_v4_A.mp4 मध्ये सशुल्क स्टॉक लायब्ररीतलं फुटेज आणि संगीत आहे. व्यावसायिक वापराचा परवाना तुमच्या कंपनीच्या नावे घेऊ, पावती तुमच्याकडेच राहील. आत्ता वॉटरमार्क दिसेल, तो खरेदीनंतर जाईल. निवडताना 'फक्त संपादकीय वापरासाठी' अशी खूण असलेल्या क्लिपा वगळल्या आहेत, कारण त्या जाहिरातीत चालत नाहीत.

anniv_v4_B.mp4 मात्र जरूर बघा. त्या प्रसंगात मला भावतं ते टाळ्यांच्या आधीचं क्षणभराचं मौन. तसंच मौन आपल्याच फुटेजमध्ये सापडलं! पहिल्या दिवशीच्या शूटमध्ये गोदामाचं शटर वर जातं, तुमचे जुने सुपरवायझर दिव्यांची बटणं एकेक दाबत जातात आणि शेवटचा दिवा लागायला जरा वेळ घेतो. तेवढा वेळ ते मान वर करून नुसते उभे आहेत. तिथे संगीत पूर्ण काढलंय, फक्त ट्यूबलाइटचा आवाज ठेवलाय. माझं मत या कटला. त्यांची लेखी संमती तेवढी लागेल, फॉर्म सोबत आहे.

मूळ प्रसंगच हवा असेल, तर निर्मात्यांकडे रीतसर परवानगी मागू. पत्राचा मसुदा मी करून देईन, पण अर्ज कंपनीच्या लेटरहेडवर जावा लागेल. उत्तर कधी येईल आणि शुल्क किती सांगतील, हे आपल्या हातात नाही. तोपर्यंत ती जागा B कटनेच भरून ठेवू.

गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवलंत तर शुक्रवारी रंगसंस्काराला बसता येईल. फोनवर बोलायचं असेल तर उद्या अकरानंतर कधीही करा.

आपला,
मंदार
(संकलन)